निरोपाचा अर्ज, परिपत्रकाचा निरोप

‘सर, आईला काल रात्री अ‍ॅडमिट केलंय, परवापर्यंत यायला जमणार नाही. त्या टेंडरचं तेवढं बघून घ्या ना प्लीज. कागद कपाटात आहेत, चावी कुलकर्णी मॅडमकडे. सॉरी.’

नगरपरिषदेच्या कार्यालयातल्या एका लिपिकाने सकाळी नऊ वाजता आपल्या अधीक्षकांना पाठवलेला निरोप म्हणून हा नमुना मी तयार केला आहे. कर्मचाऱ्यांना कार्यालयीन मराठी शिकवताना पहिल्या तासाला मी तो फळ्यावर लिहिते आणि सांगते, ‘याचा रीतसर अर्ज करा.’ दहा मिनिटांत जे कागद हातात येतात, त्यांतले बरेचसे साधारण असे असतात:

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, माझ्या मातोश्रींना काल रात्रौ रुग्णालयात दाखल करण्यात आलेले असल्याकारणाने मी परवापर्यंत कार्यालयात उपस्थित राहू शकणार नाही. तरी सदर निविदेबाबत आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.’

ऐकायला हे अगदी सरकारी वाटते. पण मूळ निरोपात जे नव्हते ते यातही नाही. परवा म्हणजे कोणती तारीख? मराठीत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही; इथे तो पुढचा आहे एवढे संदर्भावरून कळते, पण महिन्याभराने कागद हातात घेणाऱ्याला मोजणी कुठून सुरू करायची हे कळणार नाही. ‘पर्यंत’ म्हणजे तो दिवस धरून की सोडून? सदर निविदा म्हणजे कोणती? उचित कार्यवाही म्हणजे काय करायचे? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, रजा मागितली आहे कुठे? ‘येऊ शकणार नाही’ ही माहिती झाली. मंजूर किंवा नामंजूर करता येईल असे या कागदात काहीच नाही.

म्हणजे शब्द बदलले, मजकूर तिथेच राहिला. अनौपचारिक निरोप औपचारिक करायचा म्हणजे जड शब्द शोधायचे, अशी समजूत आपल्याकडे शाळेतल्या पत्रलेखनापासून रुजलेली आहे. ती मोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मार्टिन जोस या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘द फाइव्ह क्लॉक्स’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. बोलण्याच्या पाच पातळ्या त्याने त्यात मांडल्या आहेत: अगदी ठरीव, औपचारिक, सल्लामसलतीची, सैल आणि जिव्हाळ्याची. वर्गीकरणापेक्षा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. सैल बोलण्यात आपण समोरच्याला आपल्यातला मानतो, म्हणून पार्श्वभूमी सांगत नाही आणि वाक्येही अर्धी सोडतो. जे गाळले ते समोरचा भरून घेतो, आणि भरता आले नाही तर लगेच विचारतो. औपचारिक भाषेत मधेच विचारायला कोणी नसते, म्हणून सगळे आधीच, नीट रचून सांगावे लागते.

आपला निरोप या नजरेने वाचला की काम सोपे होते. ‘त्या टेंडरचं तेवढं’ हे साहेबांना कळते, कारण काल संध्याकाळी त्याच विषयावर बोलणे झालेले असते. अर्ज मात्र साहेबांपाशी थांबत नाही. तो आस्थापना शाखेत जातो, रजेच्या हिशेबाला लागतो आणि पुढे कधी लेखापरीक्षणाच्या वेळी अनोळखी माणसासमोर उघडला जातो. त्या माणसाला तुम्हाला फोन करून विचारता येणार नाही. औपचारिक मजकूर लिहिताना हा अनोळखी वाचक डोळ्यांसमोर ठेवायचा.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. आधी निरोपातला एकही शब्द बदलायचा नाही. पेन्सिल घ्यायची आणि ज्या शब्दांचा अर्थ फक्त आज, इथे, या दोघांमध्येच लागतो, त्यांच्याखाली रेघ ओढायची. काल, परवा, त्या, तेवढं, बघून घ्या, कपाटात. मग प्रत्येक रेघेच्या जागी तारीख, नाव, पदनाम, ठिकाण किंवा नेमकी कृती लिहायची. हे करतानाच कळते की काही उत्तरे निरोप लिहिणाऱ्याकडेच आहेत आणि ती त्याने सांगितलेलीच नाहीत. नमुन्यातला लिपिक मंगळवार, 11 फेब्रुवारी 2025 रोजी लिहितो आहे असे मी वर्गात सांगते. ‘टेंडरचं काय बघायचं?’ असे विचारल्यावर उत्तर मिळते, की निविदा स्वीकारण्याची मुदत गुरुवारी, 13 तारखेला दुपारी तीनला संपते. म्हणजे ज्या दिवशी हा माणूस नसणार, त्याच दिवशी. निरोपातली सर्वांत निकडीची गोष्ट ‘तेवढं’ या शब्दात दडून बसली होती.

रेघा भरून झाल्या की दुसरा प्रश्न: यात मागण्या किती आहेत? इथे दोन आहेत. एक रजेची, दुसरी काम दुसऱ्याकडे सोपवण्याची. बोलताना आपण त्या एका श्वासात सांगतो. कार्यालयात मात्र एका पत्रात एकच विषय ठेवायचा असतो. हा संकेत उगाच पडलेला नाही. रजेचा अर्ज आस्थापना शाखेच्या फायलीत लागणार. निविदेचा परिच्छेद त्यातच लिहिला तर तोही तिथेच जाऊन पडणार आणि ज्याने पेटी उघडायची त्याला तो दिसणारही नाही. म्हणून एका निरोपाचे दोन कागद होतात. पहिला:

‘विषय : दि. 11 ते 13 फेब्रुवारी 2025 या 3 दिवसांची किरकोळ रजा मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या आईला दि. 10 फेब्रुवारी 2025 रोजी रात्री रुग्णालयात दाखल केले आहे. तिच्यासोबत राहणे आवश्यक असल्याने मला दि. 11 ते 13 फेब्रुवारी 2025 (दोन्ही दिवस धरून) अशी 3 दिवसांची किरकोळ रजा मंजूर करावी, ही विनंती. मी दि. 14 फेब्रुवारी 2025 रोजी कामावर रुजू होईन.’

दुसरा कागद त्याहून छोटा:

‘विषय : पाणीपुरवठा साहित्य खरेदीच्या निविदेचे काम रजेच्या काळात सोपविण्याबाबत.

या निविदा स्वीकारण्याची मुदत दि. 13 फेब्रुवारी 2025 रोजी दुपारी 3 वाजता संपते. त्या दिवशी मी रजेवर आहे. निविदेची कागदपत्रे माझ्या टेबलामागील लोखंडी कपाटात असून कपाटाची किल्ली श्रीमती कुलकर्णी, वरिष्ठ लिपिक, यांच्याकडे आहे. मुदत संपेपर्यंत हे काम अन्य कर्मचाऱ्याकडे सोपवावे, ही विनंती.’

यात अवघड शब्द किती आहेत ते पाहा. ‘किरकोळ रजा’, ‘मंजूर’, ‘रुजू’, ‘निविदा’. हे कामाचे शब्द आहेत आणि त्यांना पर्याय नाही. ‘सुट्टी’ लिहिले तर रजेचा प्रकार कळत नाही आणि रजेच्या खात्यात नोंद कुठे करायची हा प्रश्न उरतो. पण ‘आई’ची ‘मातोश्री’ करायची गरज पडली नाही. ‘रात्री’चे ‘रात्रौ’ करून काही साधत नाही. ‘सॉरी’ गेले, कारण आई आजारी पडल्याबद्दल माफी मागण्याचे कारणच नाही. साहेबांना तोंडी म्हणताना ते सहज येते आणि तिथे शोभतेही. ‘ना प्लीज’मधली आर्जव ‘करावे, ही विनंती’ यात आली. मराठीतला हा ‘करावे, द्यावे, सोपवावे’ असा विध्यर्थ फार उपयोगी आहे: त्यात हुकूम नाही, गयावया नाही, आणि काय हवे ते स्पष्ट आहे.

क्रियापदांची रूपे एकसारखी ठेवणे हे मात्र नवख्या हातून हमखास निसटते. पहिल्या ओळीत ‘दाखल केले आहे’ आणि तिसऱ्या ओळीत ‘मी कागद ठेवलेत’ असे झाले, की कागद अर्धा बोललेला आणि अर्धा लिहिलेला आहे हे लगेच दिसते. शेवटी एकदा केवळ क्रियापदे वाचत खाली गेले तर ही चूक सापडते.

‘आपण’ या शब्दाची खोच त्याहून गंभीर आहे. ‘तुम्ही’ऐवजी ‘आपण’ लिहिले की पत्र आदबशीर होते, हे खरे. पण मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्हीही, आणि तुम्ही-मी मिळून सगळेही. ‘आपण हा अहवाल 5 तारखेपर्यंत पाठवायचा आहे’ असे पत्र एका विभागाने दुसऱ्याला लिहिले तर अहवाल कोणी पाठवायचा? बोलताना आवाजावरून, मान हलवण्यावरून ते कळते. कागदावर कळत नाही, आणि 6 तारखेला दोन्ही विभाग एकमेकांची वाट पाहत बसलेले असतात. जिथे जबाबदारी ठरवायची आहे तिथे सर्वनाम न वापरता ‘लेखा शाखेने पाठवावा’ असे पदनामानेच लिहावे.

निरोपात शब्द नसून नुसते चिन्ह असेल तर? अंगठा दाखवणारे 👍 हे चिन्ह रोज असंख्य निरोपांना उत्तर म्हणून जाते. त्याचे औपचारिक रूप लिहायला सांगितले की वर्गात दोन तट पडतात. निम्मे लिहितात, ‘आपला निरोप मिळाला.’ निम्मे लिहितात, ‘आपला प्रस्ताव मान्य आहे.’ या दोहोंत किती अंतर आहे याचा निवाडा कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या न्यायालयाला 2023 मध्ये करावा लागला. धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने 2021 मध्ये एका शेतकऱ्याला जवस खरेदीच्या कराराचा फोटो पाठवून दुजोरा मागितला. त्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवले. पुढे माल आला नाही. करार मिळाला एवढेच आपल्याला म्हणायचे होते, असे शेतकऱ्याचे म्हणणे. या दोघांमधले आधीचे व्यवहारही अशाच त्रोटक उत्तरांवर पार पडले होते, हे पाहून न्यायालयाने तो होकार धरला आणि त्याला सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. मराठीत एकच ओळ लिहायची आहे: ‘पत्र मिळाले, विचार करून कळवतो’ किंवा ‘पत्र मिळाले, अटी मान्य आहेत.’ लिहायला बसले की यांतले एक निवडावेच लागते.

आता उलटा प्रवास. माझ्या अनुभवात हा जास्त अवघड असतो, कारण तो सोपा वाटतो. हे एक नमुना परिपत्रक घ्या:

‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सर्व अधिकारी व कर्मचारी यांना याद्वारे कळविण्यात येते की, वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची देयके मूळ पावत्यांसह दि. 20 जानेवारी 2025 पर्यंत लेखा शाखेत सादर करण्यात यावीत. विहित मुदतीनंतर प्राप्त होणारी देयके चालू आर्थिक वर्षात विचारात घेतली जाणार नाहीत. ज्या कर्मचाऱ्यांची देयके त्रुटीपूर्ततेसाठी परत करण्यात आली आहेत, त्यांनाही उक्त मुदत लागू राहील, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’

ही भाषा अशी का झाली, ते थोडक्यात सांगायला हवे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम आला आणि इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आणण्याचे प्रचंड काम सुरू झाले. पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश तयार झाले. ‘निविदा’, ‘देयक’, ‘परिपत्रक’ यांसारखे शब्द आज आपल्या तोंडी बसले आहेत ते या खटपटीमुळे. पण मसुद्यांचे साचे इंग्रजीतूनच आले. ‘याद्वारे कळविण्यात येते की’ ही इंग्रजी मसुद्याचीच मोड आहे. त्यातल्या ‘करण्यात येते’ या प्रयोगाला कारणही आहे: निर्णय कार्यालयाचा असतो, सही करणाऱ्या व्यक्तीचा नसतो, हे त्यातून सूचित होते. अडचण एवढीच, की काम कोणी करायचे तेही त्यात अदृश्य होते. ‘सादर करण्यात यावीत’, पण कोणी?

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर या परिपत्रकाचा निरोप टाकायचा आहे. घाईत लिहिलेला निरोप बहुधा असा असतो:

‘मेडिकल बिलं 20 तारखेपर्यंत द्या. नंतर मिळणार नाहीत पैसे.’

लहान आहे, लक्षात राहतो, आणि चुकीचा आहे. परिपत्रक म्हणते, उशिरा आलेली देयके चालू आर्थिक वर्षात विचारात घेतली जाणार नाहीत. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. त्यानंतर त्या देयकांचे काय होईल याविषयी परिपत्रक काहीच म्हणत नाही. ‘पैसे मिळणार नाहीत’ हे निरोप लिहिणाऱ्याचे स्वतःचे विधान झाले. तीस हजारांचे बिल असलेला एखादा कर्मचारी 21 तारखेला हा निरोप वाचून बिल फाडून टाकेल, तर दोष कोणाचा? दुसरी गळती मूळ पावत्यांची. तिसरी शेवटच्या वाक्याची, आणि ती सर्वांत जास्त लोकांच्या हातून होते. ज्यांची बिले त्रुटी काढून परत आली आहेत, ते समजतात की आपण तर डिसेंबरमध्येच बिल दिले, हा निरोप आपल्यासाठी नाही. खरे तर हा निरोप सर्वांत आधी त्यांनाच हवा.

उलट्या प्रवासात पेन्सिल वेगळ्या शब्दांखाली फिरवायची. ‘उपरोक्त’, ‘अनुषंगाने’, ‘याद्वारे’, ‘उक्त’, ‘नोंद घ्यावी’ यांना हात लावायचे कारण नाही. ते गळले तरी काही बिघडत नाही. रेघ ओढायची ती मर्यादा घालणाऱ्या शब्दांखाली: ‘मूळ’, ‘पर्यंत’, ‘चालू आर्थिक वर्षात’, ‘त्यांनाही’. दुसऱ्या मसुद्यांत ‘मात्र’, ‘अधीन राहून’, ‘अनुज्ञेय’, ‘पूर्वपरवानगीने’ हे त्यांचे भाऊबंद भेटतात. दिसायला हे बारीक शब्द असतात, पण कोणाला काय मिळणार आणि काय नाही ते त्यांच्यावरच ठरते. सोपे लिहिताना जड दिसतात म्हणून नेमके हेच आधी उडवले जातात.

मग क्रम बदलायचा. परिपत्रकाची सुरुवात संदर्भापासून होते. निरोप वाचणाऱ्याला आधी हवे असते की मी काय करू आणि कधीपर्यंत. शेवटी ‘करण्यात यावीत’मधला हरवलेला कर्ता परत आणायचा, म्हणजे ‘तुम्ही’. एवढे केल्यावर निरोप असा होतो:

‘मेडिकल बिलं सोमवार, 20 जानेवारीपर्यंत लेखा शाखेत द्या. सोबत मूळ पावत्या जोडा. ज्यांची बिलं त्रुटी काढून परत आलीत, त्यांनीही दुरुस्त करून याच तारखेच्या आत द्यायची आहेत. नंतर आलेली बिलं या आर्थिक वर्षात (31 मार्चपर्यंत) घेतली जाणार नाहीत. परिपत्रक सोबत जोडलंय.’

यात ‘सोमवार’ आणि ‘31 मार्च’ या दोन गोष्टी मी माझ्या पदरच्या घातल्या आहेत. त्या चालतात, कारण कॅलेंडर पाहून कोणालाही पडताळता येतात. ‘झेरॉक्स चालणार नाही’ हे मात्र मी लिहिले नाही, जरी लिहायचा मोह झाला तरी. मूळ पावत्या मागितल्या आहेत हे परिपत्रकात आहे. पावती हरवलेल्याला साक्षांकित प्रत चालेल की नाही, हे त्यात नाही आणि ते ठरवणे माझे काम नाही. त्याने लेखा शाखेला विचारावे.

कोणत्या वेळी कोणते रूप वापरायचे, याचीही एक समज लागते. सुरुवातीच्या निरोपाकडे पुन्हा पाहा. त्याला साहेबांनी ‘आपली रजा मंजूर करण्यात येत आहे’ असे उत्तर दिले तर व्याकरणाने ते निर्दोष असेल, पण रुग्णालयाच्या बाकावर बसून ते वाचणाऱ्या माणसाला परके वाटेल. तिथे ‘आईकडे लक्ष दे. टेंडरची मुदत कधी आहे तेवढं सांग, अर्ज आल्यावर दिलास तरी चालेल’ हेच योग्य. त्या सकाळी निरोपाची गरज होती आणि शुक्रवारी कामावर आल्यावर अर्जाची. दोन्ही रूपे आपापल्या जागी राहतात.

आपण केलेले रूपांतर बरोबर आहे का, हे स्वतःचे स्वतःला नीट दिसत नाही, कारण गाळलेले सगळे आपल्या डोक्यात असते. म्हणून मी वर्गात जोड्या करते. एकजण परिपत्रकाचा निरोप करतो. दुसऱ्याला मूळ परिपत्रक न दाखवता फक्त तो निरोप देते आणि त्यावरून पुन्हा परिपत्रक लिहायला सांगते. मग मूळ आणि नवे शेजारी ठेवून वाचायचे. संदर्भाचे शब्द वेगळे असतात, त्याला हरकत नाही. तारीख आणि शाखा जवळजवळ नेहमी जुळतात. न जुळणारे वाक्य असते ते त्रुटी काढून परत आलेल्या बिलांचे. नव्या परिपत्रकात ते बहुतेक वेळा नसतेच. तेव्हा पहिला जोडीदार आपला निरोप पुन्हा हातात घेतो आणि ते वाक्य कुठे बसवायचे ते शोधू लागतो.